रोज दही खाऊनही पोट साफ होत नाही? दही, ताक आणि प्रोबायोटिकच्या या चुका टाळा

"अण्णा, दोन वाट्या दही खातो की मी रोज, वर तांब्याभर ताक. तरी तीन-तीन दिवस काही नाही. आता आणखी किती दही खायचं सांगा बघू."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका मावशींनी माझ्या काउंटरवर हा हिशेब मांडला. बेळगावच्या शहापुरात माझं औषधांचं दुकान आहे. मावशींचं वय साठीच्या पुढे, गाव निपाणीकडचं, आणि सहा महिन्यांपासून मुक्काम बेळगावात, वडगावला लेकाकडे. पिशवीतून त्यांनी एक खोका काढला. नातवाला जुलाब झाले तेव्हा आणलेल्या प्रोबायोटिक पुड्या त्यात उरल्या होत्या. "पोटाचंच औषध आहे म्हणून मी पण रोज एक घेतो," म्हणाल्या.

या एका माणसात जवळजवळ सगळ्या चुका एकत्र सापडल्या, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याच निमित्ताने सांगतो.

चूक पहिली: जुलाबालाही दही आणि खड्यालाही दही

आपल्याकडे पोट बिघडलं की पहिला उपाय दही-भात. शेजारच्या कानडी घरात त्यालाच मोसरन्ना म्हणतात, आणि तिथेही पोट धरायला तोच देतात. मग तेच दही पोट मोकळं करायलाही चालेल, हे आपण धरलं कशावरून? मावशींना मी हे विचारलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "थंड असतंय की ते. उष्णतेनं खडा होतोय न्हवं?"

थंड-उष्णाचा वाद बाजूला ठेवू आणि दह्यात काय आहे ते बघू. पाणी, प्रथिनं, स्निग्धांश, थोडी साखर, आंबटपणा आणि जिवंत जिवाणू. चोथा म्हणजे तंतू शून्य. शौचाला भर येते आणि मऊपणा राहतो तो न पचणाऱ्या तंतूंमुळे आणि त्यांनी धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. दोन वाट्या दही खाऊन त्यातलं काहीच वाढत नाही. उलट त्या दह्याने पोट भरलं आणि भाजी-भाकरी कमी गेली, तर चोथा घटतोच.

यात दुधाचाही एक धागा आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत मजेशीर वाटतो. रात्री कपभर गरम दूध प्यायलं की सकाळी पोट साफ होतं, असं सांगणारे बरेच भेटतात, आणि त्यांचं खरंही असतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. भारतात, त्यातही दक्षिणेकडे, वाढत्या वयात ती पुरती न पचणारी माणसं पुष्कळ आहेत. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, पोट गुरगुरतं आणि शौचाला सैल होतं. डॉक्टर बद्धकोष्ठाला लॅक्ट्युलोजचं जे गोड सिरप देतात, ते याच लॅक्टोजचं रूप बदलून तयार करतात आणि त्याचं कामही असंच चालतं. ती साखर मात्र कुणालाच पचत नाही, म्हणून ते औषध ठरतं.

आता त्याच दुधाला विरजण लावा. जिवाणू काही लॅक्टोज खाऊन त्याचं आम्ल करतात, आणि उरलेलं लॅक्टोज पचवायला लागणारं विकर ते आपल्याबरोबर आतड्यात घेऊन येतात. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना दही सोसतं ते यामुळे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये जिवंत विरजणाच्या दह्याबद्दल हा दावा मान्य केला: लॅक्टोज पचायला मदत होते, मात्र दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. दह्याच्या बाजूने इतका भक्कम पुरावा पोटाच्या दुसऱ्या कुठल्या तक्रारीसाठी क्वचितच सापडेल. पण त्याची दिशा बघा. दुधाने सैल होणारं पोट दह्याने सैल होत नाही, हे तो सांगतो. बद्धकोष्ठाच्या माणसाला हवं असतं नेमकं उलटं.

म्हणून रात्रीचं दूध सोडून कुणी "जास्त गुणकारी" म्हणून दही धरलं आणि त्यानंतर खडा वाढला, तर नवल नाही. मावशींच्या बाबतीत हेही झालं होतं. गावाकडे त्या रात्री दूध घेत. इथे आल्यावर लेकीने फोनवर सांगितलं की दही चांगलं, आणि दूध बंद झालं.

चूक दुसरी: घरच्या विरजणाला आणि संशोधनातल्या जिवाणूला एक समजणं

"प्रोबायोटिकने बद्धकोष्ठ कमी होतं" हे वाक्य अगदीच खोटं नाही, पण ते कशाबद्दल आहे ते बघितलं पाहिजे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर शरीराला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा अर्थ. म्हणजे नुसतं जिवंत असून भागत नाही. किती घेतले हे मोजलेलं हवं आणि फायदा तपासलेला हवा.

घरच्या दह्यात जिवाणू जिवंत असतात यात शंका नाही. पण कोणते आणि किती, हे तुमचं विरजण, दूध किती तापवलं, हवा गरम की गार, यावर ठरतं. शेजारणीकडून आणलेल्या विरजणाचं दही आणि पिशवीतल्या दह्याने लावलेलं दही यांत वेगवेगळी बिऱ्हाडं राहतात. बद्धकोष्ठावरच्या चाचण्यांत वापरतात तो एखादा ठरावीक वाण, बहुतेक वेळा बिफिडोबॅक्टेरियम जातीचा, रोज मोजून दिलेला. ही जात हवेत नीट वाढत नाही आणि घरच्या विरजणात ती असेलच असं धरता येत नाही. पिकांचं उदाहरण घेतो: भात म्हटला की बासमतीही आला आणि इंद्रायणीही, पण एकाच्या उताऱ्यावरून दुसऱ्याचा भाव कुणी ठरवत नाही.

बरं, त्या मोजलेल्या वाणांचं तरी काय झालं? २०१४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी १४ चाचण्या एकत्र मांडल्या. एकूण माणसं १,१८२. प्रोबायोटिक घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा आठवड्यात सरासरी सव्वा वेळा जास्त शौचाला झालं. आठवड्याला दोनदा होत असेल तर तीनदा, असा तो फरक, आणि त्रासलेल्या माणसाला तो कमी नाही. पण चाचण्या लहान होत्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या होत्या, आणि लेखकांनी स्वतःच सावध राहायला सांगितलं होतं. त्या वेळी सर्वांत आशा होती ती बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसकडून. पुढे याच जातीचा एचएन०१९ हा नावाजलेला वाण २२९ प्रौढांवर ८ आठवडे तपासला गेला. २०२४ मध्ये त्याचा निकाल आला, आणि पूर्ण समाधानाने शौच होण्याच्या संख्येत खऱ्या आणि खोट्या पुडीत ठळक फरक दिसला नाही.

मुलांवरची एक चाचणी तर प्रत्येक आईने ऐकावी अशी आहे. बद्धकोष्ठ असलेल्या १५९ मुलांना तीन आठवडे एकतर बिफिडोबॅक्टेरियम घातलेलं आंबवलेलं दुग्धपेय दिलं, नाहीतर न आंबवलेलं साधं दुग्धपेय. २०११ मध्ये निकाल छापून आला. जिवाणूंच्या गटात आठवड्याला सरासरी २.९ वेळा वाढ झाली. हा आकडा एकटा वाचला तर कुणीही बाटली विकत आणेल. साध्या पेयाच्या गटातली वाढ होती २.६. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. लहान मुलांच्या बद्धकोष्ठासाठी प्रोबायोटिक वापरावं अशी शिफारस युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांची संघटना आजही करत नाही.

जिवाणू न देता २.६ कुठून आले? माणूस उपाय सुरू करतो तो सर्वांत वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा आपोआप थोडा बरा जातो. शिवाय चाचणीत मुलांकडे लक्ष असतं, वेळेवर बसवलं जातं. आपल्या घरातही असंच घडतं, आणि श्रेय मात्र त्या आठवड्यात ताटात जे नवं असेल त्याला मिळतं.

चूक तिसरी: जुलाबाची पुडी बद्धकोष्ठाला

मावशींच्या खोक्यावर सॅकॅरोमायसिस बोलार्डी लिहिलं होतं. हे जिवाणू नव्हेत, यीस्ट आहे, आणि जुलाबात देतात. त्याच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांच्या यादीत बद्धकोष्ठाचं नाव असतं. छोट्या प्लास्टिकच्या कुपीतून पाण्यासारखं मिळतं ते बॅसिलस क्लॉसी, तेही मुख्यतः जुलाबासाठीच. दुकानात या सगळ्यांना "पोटाच्या पुड्या" म्हणून एकच नाव आहे, आणि आमच्याकडचे विक्रेतेही घाईत तसंच बोलतात हे कबूल करतो.

खोका हातात घेतल्यावर मी चार गोष्टी बघतो. जात आणि प्रजातीच्या नावापुढे वाणाचा सांकेतिक क्रमांक आहे का. रोजच्या मात्रेत किती जिवंत जिवाणू आहेत, ज्याला सीएफयू म्हणतात. चाचण्यांत ही संख्या बहुधा १०० कोटी ते १,००० कोटींच्या घरात असते. ती संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की तयार केल्या दिवसाची. आणि ठेवायचं कुठे. फ्रिजमध्ये ठेवायचं असं लिहिलेला माल मे महिन्यात बसच्या डिकीतून गावाला नेला, तर घरी पोचते ती महागडी भुकटी. आपल्या भागात यात भाषेची अडचण आणखी. खोक्यावर इंग्रजी, पिशवीवर कानडी, आणि घेणारी मावशी मराठीच वाचणारी. नातवाला नाहीतर दुकानदाराला वाचायला लावा, त्यात लाज कसली?

तुमची केमोथेरपी किंवा बोनमॅरो वा अवयव प्रत्यारोपणानंतरचे उपचार सुरू असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर यातली कुठलीही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा माणसांत हेच जिवंत जीव रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत.

चूक चौथी: इसबगोल दह्यात कालवणं

इसबगोल दोन्ही तक्रारींवर चालतं, आणि त्यातला फरक पाण्याचा आहे. भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि बुळबुळीत होतो. जुलाबात आतड्यात मोकळं पाणी भरपूर असतं, ते तो शोषतो आणि शौच घट्ट होतं. म्हणून जुलाबाला वाटीभर दह्यात कालवून द्यायची जुनी पद्धत बरोबर आहे. बद्धकोष्ठात आतलं पाणी आधीच कमी, तेव्हा पाणी तुम्ही बाहेरून द्यायला हवं. मोठ्या चमच्याने एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी अर्धा पेला. दह्यात घट्ट कालवून खाल्लं आणि पाणी नाही प्यायलं, तर गोळा होऊन घशात किंवा पुढे अडकायची भीती, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. गिळायला त्रास असेल तर इसबगोल नकोच.

पुरावा म्हणाल तर इसबगोलाचा प्रोबायोटिकपेक्षा बराच बरा आहे. पण दिवसाला १० ग्रॅमच्या पुढे आणि किमान चार आठवडे घेतलं तेव्हा गुण दिसला. आमच्याकडचे लोक अर्धा चमचा चार दिवस घेऊन "काही उपयोग नाही" म्हणून परत येतात. दिवसाला एका चमच्याने सुरुवात करून आठवड्याने दिवसातून दोन वेळा करावं, आणि इतर गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं.

ताकाचं काय?

ताकावर माझा राग नाही, उलट दह्यापेक्षा ताकाला मी वरचा पाट देतो. कारण साधं आहे: ताक म्हणजे मुख्यतः पाणी. अर्ध्या वाटीच्या दह्याचं दीड पेला ताक होतं, आणि नुसतं पाणी प्यायचा कंटाळा करणारी माणसं ताक आनंदाने पितात.

पण पाण्यालाही सोबत लागते. १९९८ मध्ये छापून आलेल्या एका इटालियन अभ्यासात जुन्या बद्धकोष्ठाच्या ११७ माणसांना दिवसाला २५ ग्रॅम तंतूंचा आहार दिला. एका गटाने हवं तेवढं पाणी प्यायलं, ते सरासरी १.१ लिटर भरलं. दुसऱ्याला २ लिटरच्या आसपास प्यायला लावलं. दोन महिन्यांत सुधारणा दोन्हीकडे झाली, पण जास्त पाणी पिणाऱ्यांत जास्त. म्हणजे पाण्याने गुण वाढला तो तंतूंच्या जोडीने. भातावर ताक ओतून प्यायलं तर ही जोडी लागत नाही. भाकरी ताकात कुस्करली की लागते. आपल्या आज्ज्यांचं उन्हाळी जेवण, ज्वारीची भाकरी, ताक आणि कांदा, हे या अभ्यासाच्या फार आधीपासून तसंच होतं. नाचणीचं आंबीलही त्याच घराण्यातलं, पिठासकट.

ताकात मीठ मात्र जपून. दिवसाला चार पेले ताक आणि प्रत्येकात अर्धा चमचा मीठ, हे रक्तदाबाच्या माणसाला परवडणारं नाही. जिरेपूड आणि कोथिंबिरीवर भागवा. पाकिटातल्या मसाला मज्जिगेतही मीठ असतंच.

दोन छोट्या गोष्टी इथेच उरकतो. कढी केली की जिवाणू मेले. कढी प्या, पण प्रोबायोटिक म्हणून मोजू नका. प्रोबायोटिकची पुडीही चहात किंवा गरम दुधात टाकायची नाही. आणि चार दिवसांचं आंबट दही जास्त गुणकारी असतं हा गैरसमज आहे. वाढते ते आम्ल, आणि त्या आम्लात जिवंत जिवाणू हळूहळू कमीच होत जातात.

चूक पाचवी: सगळं एकाच दिवशी सुरू करणं

मावशींना मी आधी एक वही करायला लावली. तारीख, शौचाला झालं की नाही, खडा की मऊ, कुंथावं लागलं का, आणि त्या दिवशी नवीन काय. नात कॉलेजात होती, तिने ती जबाबदारी घेतली. आठवड्याला तीनपेक्षा कमी वेळा होणं, निम्म्या वेळा खडे, आणि कुंथणं, हे सगळं मावशींना होतंच. आठवड्याला दोनदा, असा पहिला हिशेब निघाला.

(रोज झालंच पाहिजे असं नाही, हेही इथे सांगून टाकतो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही असलात आणि त्रास नसेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. अशी माणसं उगाच पुड्या घेत बसतात.)

मग विचारपूस. गावाकडे दोन वेळा ज्वारीची भाकरी, शेतावर जाणं-येणं. इथे आल्यावर दाढ दुखते म्हणून भाकरी बंद, दोन्ही वेळा भात, आमटी आणि वर दही. सकाळी चहा-टोस्ट. दिवसभर बसून. कागदावर बेरीज केली. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू १० ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात तीनपेक्षाही कमी, दह्यात शून्य. मावशींच्या दिवसभराच्या खाण्यात जेमतेम १२ ग्रॅम भरत होते. २५ तरी हवेत. शिवाय पिशवीतून लोहाच्या गोळ्या निघाल्या. लोहाने खडा होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे फक्त जुलाबाच्या पुड्या बंद केल्या, बाकी काही नाही. वहीत दोन आणि दोन. म्हणजे पुड्यांनी फार बिघडवलंही नव्हतं आणि सुधारलंही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना मी गोळ्यांच्या चिठ्ठीसह त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासून त्यांनी लोह थांबवलं, कोर्स केव्हाच पुरा झाला होता. हे मी स्वतः केलं नाही आणि तुम्हीही करू नका. गोळी का चालू आहे हे लिहून देणाऱ्यालाच माहीत असतं. वहीत त्या दोन आठवड्यांत दोन आणि तीन.

पाचव्या आठवड्यापासून ताट बदललं. दुपारी भाताऐवजी एक भाकरी, ताकात अर्धा तास भिजवून कुस्करलेली, म्हणजे दाढेचा प्रश्न मिटला. संध्याकाळी वाटीभर मऊ शिजवलेली मटकीची उसळ. सकाळी टोस्टऐवजी नाचणीचं आंबील. चार वाजता एक उकडलेलं रताळं. खानापूरकडची रताळी तेव्हा बाजारात यायला लागली होती, सालीसकट खायला सांगितलं. बेरीज पंचविशीच्या पुढे गेली. दही दुपारी एक वाटी, आवडतं म्हणून. रात्रीचं दूध परत सुरू. सकाळी चहानंतर पायाखाली छोटा पाट घेऊन दहा मिनिटं बसायचं, कारण लेकाकडे कमोड आहे आणि मावशींची सवय उकिडवं बसायची.

पहिल्या चार-पाच दिवसांत पोट फुगलं, वारा सरला, आणि मावशी काउंटरवर येऊन भांडून गेल्या. तंतू वाढले की असं होतंच. उसळ अर्धी केली आणि आठवड्याने पुन्हा पुरी. वहीतले पुढचे आकडे तीन, चार, चार, पाच. आठव्या आठवड्यात "कुंथलो नाही" असं नातीने आज्जीच्याच शब्दांत लिहिलं होतं. यात लोहाचा वाटा किती, भाकरीचा किती आणि दुधाचा किती, हे मी छातीठोकपणे वेगळं काढून दाखवू शकत नाही. पण दही अर्धं केल्याने काही बिघडलं नाही, एवढं वहीत स्वच्छ दिसतं.

कुणाला प्रोबायोटिक करूनच बघायचं असेल तर मी अडवत नाही, पण तेही याच पद्धतीने. आधी दोन आठवडे वही. मग वाण लिहिलेलं एकच उत्पादन, रोज, चार आठवडे, आणि त्या काळात ताटात दुसरा बदल नाही. आठवड्याला निदान एकदा तरी वाढ दिसली नाही तर बंद. महिन्याला पाचशे-हजार रुपये त्यात सहज जातात; तेवढ्यात ज्वारी किती येते ते बघा. तंतू, पाणी, चाल हे करूनही भागत नसेल तर पुढची पायरी प्रोबायोटिक नसून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोज आहे, आणि त्यांच्यामागे पुरावा जास्त आहे. मात्रा डॉक्टर ठरवतील.

लहान मुलांत उलटी तपासणी

दीड-दोन वर्षांचं मूल दिवसभर बाटलीने दूध पितं, जेवत नाही, आणि खडा करतं, अशी आई दुकानात प्रोबायोटिक थेंब मागायला येते. आधी दूध किती ते विचारा. काही मुलांत तर गाईचं दूधच कारण असतं. इटलीत ६५ मुलांवर केलेल्या आणि १९९८ मध्ये छापलेल्या अभ्यासात गाईचं दूध बंद करून सोयादूध दिल्यावर ४४ मुलांचं बद्धकोष्ठ गेलं. ती मुलं विशेषज्ञांकडे पाठवलेली, हट्टी त्रासाची होती, म्हणून प्रत्येक मुलाचं दूध तोडायला धावू नका. बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत काही आठवडे करून बघायची ती गोष्ट आहे. पण अशा मुलाला वर आणखी दही भरवणं म्हणजे रोग आणि औषध एकच करणं. मूल पाय आवळून कोपऱ्यात उभं राहत असेल तर ते दुखेल म्हणून रोखून धरतंय, आणि त्याला आधी मऊ करणारं औषध हवं.

काउंटरवरून थेट डॉक्टरांकडे

काही वेळा मी पुडीही देत नाही आणि भाकरीही सांगत नाही. शौचातून रक्त, काळं शौच, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, तपासणीत अंगात रक्त कमी निघणं, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर त्याच तासाला हॉस्पिटल. तिथे इसबगोल पाजणं धोक्याचं आहे. सतत थकवा, थंडी वाजणं आणि बद्धकोष्ठ एकत्र असेल तर थायरॉइडची तपासणी सुचवतो.

मावशी दिवाळीनंतर गावी परतल्या. जाताना खोक्यात उरलेल्या पुड्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "पैसे परत नकोत, पण कुणाला द्यायच्या असल्या तर बघा की." मी खोका उलटा करून तारीख बघितली. मुदत संपून तीन आठवडे झाले होते.